शाळेच्या स्पर्धेसाठी दुकानदारांना स्पॉन्सरशिपचं पत्र: रक्कम कशी ठरवायची, बदल्यात काय द्यायचं आणि पत्रात नेमकं काय लिहायचं

आमच्या बाजारपेठेतल्या एका किराणावाल्या काकांनी मला एकदा गल्ल्याखालचा ड्रॉवर उघडून दाखवला होता. आत नुसत्या वर्गणीच्या पावत्या. तीन गणपती मंडळं, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, हरिनाम सप्ताह, आणि तळाशी आमच्या शाळेचं पत्र, घडीसुद्धा न उघडलेलं. "मास्तर, तुमच्या पत्राला पाचशे दिले होते ना मी," काका म्हणाले. दिले होते, पण पत्र वाचून नव्हते दिले, मी समोर उभा होतो म्हणून दिले होते, आणि मी जाईपर्यंत ते पत्र विसरलेपण होते.

मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची आंतरशालेय खो-खो स्पर्धा १५ आणि १६ जानेवारीला असते, १५ तारीख म्हणजे खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आणि आता राज्य क्रीडा दिनपण. माझ्या सुरुवातीच्या पत्रांत याच्यावरच अर्धं पान जायचं, १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक, कऱ्हाडच्या लोकांनी जमवलेले पैसे, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून दिलेले सात हजार. गोष्ट खरी आहे, मला अजून सांगायला आवडते, पण दुकानात समोर गिऱ्हाईक उभं असताना कोण वाचणार ती? काकांना तीनच गोष्टी बघायच्या असतात: किती मागताय, कशासाठी, आणि मला काय मिळणार. या तिन्ही गोष्टी पहिल्या दहा ओळींत नसतील तर ते पत्र वर्गणीच्या ड्रॉवरमध्ये जातं आणि आकडापण वर्गणीचाच मिळतो. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं वर्गणी मागायच्या ऐवजी एक ठरावीक वस्तू ठरावीक किमतीला विकायची कशी याबद्दल आहे. उदाहरण आमच्याच स्पर्धेचं घेतो, दर आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडचे तुम्ही विचारून घ्या.

आधी खर्च काढा, मग रक्कम ठरवा

बहुतेक शाळा उलटं करतात, म्हणजे "गोल्ड ११,०००, सिल्व्हर ५,०००" असं कुठूनतरी उचलून टाकतात आणि मग दुकानदाराने विचारलं की पाच हजारच का, तर उत्तर नसतं. त्यापेक्षा वहीत खर्च मांडा.

आमच्याकडे मुलांचे ८ आणि मुलींचे ८ असे १६ संघ येतात, चौदा वर्षांखालचे. प्रत्येक संघात १२ खेळाडू आणि एक शिक्षक. बाद पद्धत असल्यामुळे पहिल्या दिवशी ८ सामने होतात, दुसऱ्या दिवशी ४ उपांत्य आणि २ अंतिम, म्हणजे एकूण १४. सगळ्यात मोठा खर्च जेवणाचा. पहिल्या दिवशी २०८ पाहुणे, दुसऱ्या दिवशी फक्त जिंकलेले ८ संघ राहतात म्हणजे १०४, आणि दोन्ही दिवस पंच आणि मदतनीस मिळून २० जण, एकूण ३५२ ताटं. पुलाव, मठ्ठा आणि एक गोड असं आमच्या केटररने ५० रुपये ताट दिलं, झाले १७,६००. बक्षिसं आणि मेडल १०,७०० च्या आसपास, मांडव, खुर्च्या, साउंड ९,०००, पंचांचं मानधन ६,०००, बाकी मैदान आखणी, फक्की, पाण्याचे जार, प्रथमोपचार, सर्टिफिकेट अशी किरकोळ वाटणारी पण सहा हजारांच्या पुढे जाणारी यादी. आणि प्रायोजकांचे बोर्ड छापायचे साडेचार हजार, हे हमखास विसरलं जातं. बेरीज साधारण ५४,०००.

त्यातले १०,००० शाळा देते, प्रवेश फी संघाला ५०० धरून ८,००० येतात. राहिले ३६,०००. हा आकडा हातात आल्यावरच पत्राला सुरुवात करायची, कारण आता तुम्हाला माहितीय की किती दुकानं लागणार आणि कुठे थांबायचं.

रकमेला वस्तूचं नाव द्या

आम्ही चार पायऱ्या ठेवल्या. ११,००० एकच, ५,००० चे दोन, २,००० चे पाच आणि १,००० चे सहा. सगळे भरले तर ३७,००० होतात, म्हणजे गरजेपेक्षा हजारच जास्त, त्यामुळे एक मोठा गळाला तर पंचाईत होते. म्हणून चौदा जागांसाठी तीसेक दुकानांची यादी करून ठेवतो.

पण पायरीला गोल्ड सिल्व्हर असलं नाव देऊ नका, कुणाला काही कळत नाही त्यातून. ५,००० म्हणजे दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या ९६ मुलामुलींचं जेवण असं लिहा, हिशोब सरळ आहे, ९६ गुणिले ५० म्हणजे ४,८००. २,००० म्हणजे उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू अशी मुलामुलींची मिळून सहा वैयक्तिक बक्षिसं, किंवा सगळी सर्टिफिकेटं, किंवा मैदान. १,००० म्हणजे दोन दिवसांचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी. फरक लगेच जाणवतो. "दोन हजार द्या" म्हटलं की काका पाचशेवर येतात, "सहा बक्षिसांचे दोन हजार" म्हटलं की घासाघीस करायला जागा राहत नाही, फारतर म्हणतात "मग मी पाण्याचं बघतो," आणि ते आपल्याला चालतंच की.

हे करताना दुकान आणि वस्तू यांची जोडी जमवायची. मेडिकलवाल्याला प्रथमोपचार, झेरॉक्स-प्रिंटिंगवाल्याला सर्टिफिकेट, आरओ प्लांटवाल्याला पाणी, खेळाच्या दुकानाला मेडल, सराफाला चषक, किराणावाल्याला जेवण. काही जण पैसे देत नाहीत पण माल देतात, आणि त्याला नाही म्हणू नका, फक्त पत्रात आधीच लिहा की वस्तूरूपात द्यायचं असेल तर बाजारभावाने तेवढ्या रकमेची वस्तू आणि ती अमुक तारखेपर्यंत. एका वर्षी एकाने "तांदूळ माझ्याकडून" म्हटलं, आम्ही केटररला तसं सांगून टाकलं आणि तांदूळ आला स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेदहाला, तोसुद्धा कणी.

एक गंमत, आपल्याकडे पुष्कळ दुकानदार शून्यावर संपणारा आकडा देत नाहीत, २,००१ देतात, ५,००१ देतात. पत्रात गोल आकडाच ठेवा, तो एक रुपया त्यांचा त्यांना घालू द्या.

कुणाला पत्र द्यायचंच नाही

पानटपरी आणि तंबाखूचा होलसेलवाला, कितीही ओळखीचा असू दे. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि शाळेच्या शंभर यार्डांत विक्रीलासुद्धा. दारूचं दुकान किंवा बार तर प्रश्नच नाही. कोल्ड्रिंक आणि चिप्सच्या एजन्सीवाले स्वतःहून येतात, फुकट छत्र्या आणि बॅनर घेऊन, पण २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जास्त साखर, मीठ, फॅट असलेल्या पदार्थांची जाहिरात शाळेत आणि शाळेपासून पन्नास मीटरपर्यंत चालत नाही. आणि चौथा प्रकार म्हणजे दुकान आहे पण दुकानाच्या नावापेक्षा मालकाचा हात जोडलेला फोटो मोठा हवाय, सोबत "भावी" काहीतरी. यांचे पैसे सगळ्यात पटकन येतात आणि नंतर सगळ्यात जास्त डोकेदुखी होते. आमच्या पत्रात आता सरळ ओळ आहे की बोर्डावर व्यक्तीचा फोटो किंवा पक्षाचं चिन्ह छापलं जाणार नाही. ती ओळ छापील असली की तोंडावर नाही म्हणायची वेळ येत नाही.

बदल्यात काय देणार, आणि त्याचा खर्च

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, मी सगळ्या करून बसलोय.

पहिली गोष्ट, फायदा देतानाही पैसे जातात. आमच्याकडे फ्लेक्स १५ रुपये चौरस फूट पडतो. सहा बाय तीनचा बोर्ड म्हणजे १८ फूट, २७० रुपये. एक हजार देणाऱ्याला वेगळा बोर्ड दिला तर पाव हिश्श्याहून जास्त पैसे परत फ्लेक्सवाल्याकडे गेले. म्हणून हजारवाल्या सहा जणांची नावं एकाच आठ बाय चारच्या बोर्डवर, तो ४८० ला होतो. दोन हजारवाल्याला स्वतःचा सहा बाय तीन, पाच हजारवाल्याला स्वतःचा आठ बाय चार, आणि अकरा हजारवाल्याचं नाव स्टेजच्या मागच्या मोठ्या फ्लेक्सवर आणि चषकावर.

दुसरी, मोजता येईल असंच लिहा. "भरपूर प्रसिद्धी" याला काही अर्थ नाही. आमच्याकडे १४ सामने, प्रत्येक सामन्याच्या मधल्या विश्रांतीत पाच हजार आणि वरच्यांचं नाव एकदा घेतलं जातं, म्हणजे १४ वेळा, आणि पत्रात "१४ वेळा" असंच छापलेलं असतं. माईकवर बसणाऱ्या शिक्षकाच्या समोर कागद असतो, नाव घेतलं की टिक. मागच्या वर्षी एका शेठने खरंच मैदानाबाहेर गाडीवर बसून मोजलं होतं, मला नंतर कळलं!

तिसरी, जे आपल्या हातात नाही ते लिहू नका. मी एका वर्षी "सर्व वर्तमानपत्रांत नाव येईल" असं लिहून बसलो. बातमी आली, फोटो आला, विजेत्या संघांची नावं आली, प्रायोजक सराफांचं नाव कुठेच नाही. बातमीदाराचं काही चुकलं नव्हतं, बातमीत कोण कशाला जाहिरातीचं नाव छापेल, चूक माझी होती. सराफ काही बोलले नाहीत पण पुढच्या वर्षी "सध्या धंदा मंदाय" झालं. तसंच "हजारो प्रेक्षक" लिहू नका. १९२ खेळाडू, आमच्या शाळेचे सहाशे विद्यार्थी आणि दोन्ही दिवस येणारे पालक, एवढं खरं लिहिलं तरी दुकानदाराला पुरतं, कारण ते सगळे त्याच्याच गावचे, त्याच्याच रस्त्यावरून जाणारे लोक असतात.

चौथी, एका धंद्याचे दोन जण. मुख्य प्रायोजक मोबाईलवाला असेल आणि दोन हजारात दुसरा मोबाईलवाला आला, तर दोघांचे बोर्ड शेजारीशेजारी लागले की भांडण ठरलेलं. आम्ही आता फक्त ११,००० आणि ५,००० वाल्यांना लिहून देतो की त्यांच्या धंद्यातलं दुसरं नाव घेणार नाही. खालच्या पायऱ्यांना ते वचन द्यायचं नाही, नाहीतर आपलीच दारं बंद होतात.

आणि बोर्ड कुठे लागणार तेही ठरवून ठेवा. खो-खोच्या खांबाला जाहिरात गुंडाळायची आयडिया प्रत्येक वर्षी कुणीतरी काढतंच, फोटोत छान दिसेल म्हणे, पण मुलं धावत येऊन खांबाला हात घालून वळतात, फ्लेक्सवरून हात घसरला की तोंडावर पडणार, आणि पंच तो खांब खेळायला देणारपण नाहीत. बोर्ड लॉबीच्या बाहेर, दोरीच्याही पलीकडे, निदान दहा फूट लांब, आणि प्रेक्षक बसतात त्याच्या समोरच्या बाजूला. प्रेक्षकांच्या पाठीमागे लावलेला बोर्ड कुणाच्याच नजरेला पडत नाही. शाळेच्या आवारात लावायला अडचण नसते, पण गेटबाहेर रस्त्यावर लावायचा असेल तर नगरपालिकेची परवानगी लागते, त्यामुळे पत्रात "चौकात बोर्ड" असलं काही कबूल करू नका.

आता पत्र

शाळेच्या लेटरहेडवर, जावक नंबर टाकून, मुख्याध्यापकांच्या सहीने, आणि एकाच पानात. खाली आमच्या पत्राचा मजकूर देतोय, पाच हजारच्या पायरीचा, किराणा दुकानासाठी. पत्राची भाषा थोडी औपचारिकच ठेवतो, बोलणं समोरासमोर होणारच असतं.

> जावक क्र. ____  दिनांक: १ डिसेंबर ____
>
> प्रति,
> मा. श्री. ____________
> ____________ किराणा स्टोअर्स, बाजारपेठ
>
> विषय: आंतरशालेय खो-खो स्पर्धेतील ९६ खेळाडूंच्या जेवणासाठी रु. ५,००० प्रायोजकत्व मिळणेबाबत
>
> महोदय,
>
> आमच्या शाळेच्या मैदानावर दि. १५ व १६ जानेवारी रोजी १४ वर्षांखालील मुलामुलींची आंतरशालेय खो-खो स्पर्धा होत आहे. तालुक्यातील १६ संघ, १९२ खेळाडू सहभागी होतील व एकूण १४ सामने होतील.
>
> स्पर्धेचा अंदाजित खर्च रु. ५४,००० असून त्यापैकी रु. १८,००० शाळा निधी व प्रवेश शुल्कातून उभे राहतील. उर्वरित रकमेसाठी आम्ही गावातील व्यावसायिकांकडे येत आहोत. दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्या ९६ खेळाडूंच्या जेवणाचा खर्च रु. ५,००० आपण उचलावा, ही विनंती.
>
> याबदल्यात शाळेकडून आपल्याला पुढील गोष्टी मिळतील:
> १. मैदानावर, प्रेक्षकांसमोर, आपल्या दुकानाच्या नावाचा ८ × ४ फुटी बोर्ड, दोन्ही दिवस. छपाईचा खर्च शाळेचा.
> २. प्रत्येक सामन्याच्या विश्रांतीत माईकवरून आपल्या दुकानाच्या नावाची घोषणा, एकूण १४ वेळा.
> ३. जेवणाच्या ठिकाणी "आजचे जेवण: ____________ किराणा स्टोअर्स यांचेकडून" असा फलक.
> ४. आपल्या हस्ते एका उपविजेत्या संघास बक्षीस वितरण.
> ५. इतर किराणा दुकानाचे प्रायोजकत्व घेतले जाणार नाही.
>
> ही रक्कम शक्य नसल्यास रु. २,००० (वैयक्तिक बक्षिसे) किंवा रु. १,००० (पिण्याचे पाणी) असे पर्याय आहेत. त्यांचा तपशील मागील बाजूस दिला आहे. वस्तूरूपात मदत करायची असल्यास बाजारभावाने तेवढ्याच रकमेची वस्तू १० जानेवारीपर्यंत शाळेत मिळावी.
>
> रक्कम शाळेच्या बँक खात्यावर, क्यूआर कोडने किंवा चेकने द्यावी. शाळेची छापील पावती त्वरित दिली जाईल. बोर्डाच्या छपाईसाठी आपला होकार व रक्कम ३ जानेवारीपर्यंत मिळावी. बोर्डावर व्यक्तीचे छायाचित्र किंवा पक्षचिन्ह छापले जाणार नाही.
>
> स्पर्धेनंतर आठ दिवसांत बोर्डाचे फोटो व जमाखर्च आपल्याला देण्यात येईल.
>
> आपला विश्वासू,
> मुख्याध्यापक (सही व शिक्का)
>
> संपर्क: क्रीडाशिक्षक, मो. ____________

या पत्रात काही गोष्टी मुद्दाम आहेत. विषयाच्या ओळीतच आकडा आहे, तो लपवून शेवटी टाकलात की माणूस पूर्ण पत्र संशयाने वाचतो. एकूण खर्च आणि शाळेचा वाटा दिलाय, कारण दुकानदार पहिलं हेच बोलतो की शाळा काय घालतेय. पर्यायात फक्त खालच्या दोन पायऱ्या आहेत. चारही पायऱ्यांचं टेबल समोर ठेवलं तर नजर सरळ सगळ्यात खालच्या आकड्यावर जाते, हे मी किमान वीस वेळा बघितलंय, म्हणून पूर्ण तक्ता पाठीमागे. आणि ३ जानेवारी ही तारीख उगाच नाही, फ्लेक्सवाला संक्रांतीच्या आधी दोनतीन दिवस कामात बुडालेला असतो, त्याच्याकडे १२ तारखेला गेलात तर "परवा देतो" ऐकायला मिळेल.

प्रत्येक दुकानासाठी पत्र वेगळं काढा, निदान नाव, धंदा, वस्तू आणि आकडा तरी बदला. रिकाम्या जागेत पेनाने नाव भरलेलं झेरॉक्स पत्र म्हणजे पुन्हा वर्गणी.

पावती आणि टॅक्सचं

"सर, हे पैसे खर्चात दाखवता येतील का?" हा प्रश्न मोठ्या दुकानात हमखास येतो. पावतीवर "देणगी" लिहिलंत की ती देणगी, "जाहिरात / प्रायोजकत्व" लिहिलंत की त्यांच्या हिशोबात तो जाहिरात खर्च. बोर्ड आणि घोषणा देताय तर दुसरंच लिहायला हवं. देणगीवरची टॅक्सची सवलत संस्थेकडे तशी नोंदणी असेल तरच, आणि तीसुद्धा खऱ्या देणगीला, शिवाय रोखीत दोन हजारांच्या वर असेल तर नाहीच, त्यामुळे "टॅक्स वाचेल" हे वाक्य पत्रात टाकू नका. अकरा हजारवाल्याकडून रोख घेऊ नका, कारण एका दिवसात एकाला दहा हजारांच्या वर रोख दिलेला खर्च त्यांच्या हिशोबात धरला जात नाही, त्यांचा सीए त्यांना बोलेल आणि ते आपल्याला. पाच हजारांच्या वरच्या रोख पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. आणि पैसे कुठल्याही परिस्थितीत शिक्षकाच्या स्वतःच्या फोनपेवर घेऊ नका, "सर तुमच्यावरच टाकतो, तुम्ही द्या पुढे" असं शंभर जण म्हणतील. शाळेचा क्यूआर लॅमिनेट करून खिशात ठेवा.

दुकानात कधी आणि कसं जायचं

पत्र पोस्टाने किंवा व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा पाठवून काही होत नाही, हातात द्यावं लागतं. दिवाळी झाल्यावर पंधरा दिवस थांबा, तोवर उधारी-वसुली चालू असते. डिसेंबरचा पहिला आठवडा बरा. आठवडे बाजारच्या दिवशी जायचं नाही, आणि सकाळी बोहनी व्हायच्या आधी तर चुकूनही नाही, दिवसाचा पहिला व्यवहार पैसे देण्याचा झाला की माणूस दिवसभर आपल्या नावाने बोटं मोडतो. दुपारी तीन ते साडेचार ही वेळ चांगली, गिऱ्हाईक कमी असतं आणि मालक स्वतः बसलेला असतो. नोकराकडे पत्र देऊन येऊ नका.

शिक्षक एक आणि सोबत फारतर दोन खेळाडू, शाळेच्या जर्सीत, शाळा सुटल्यावर. मुलांनी पैशाला हात लावायचा नाही. पत्राच्या दोन प्रती, दुसरीवर तारीख घालून पोच घ्यायची. बोलणं दोन मिनिटांचं. मागच्या महिन्यात एका कापड दुकानात असं झालं:

"या मास्तर. किती लिहू?"

"शेठ, आज लिहू नका. एवढं एक वाचून ठेवा, शुक्रवारी येतो. तुमच्याकडे सहा वैयक्तिक बक्षिसं धरलीत मी, दोन हजार."

"आणि मागच्या वेळचा आमचा बोर्ड कुठे होता हो? मला तर दिसलाच नाही."

याला माझ्याकडे उत्तर होतं कारण मोबाईलमध्ये फोटो होता, बोर्ड आणि समोर खेळणारी पोरं एकाच फोटोत. फोटो नसता तर तिथेच विषय संपला असता. म्हणून जुन्या बोर्डांचे फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवून जा, पहिलंच वर्ष असेल तर मैदानाचा साधा नकाशा हाताने काढून त्यावर त्यांच्या बोर्डाची जागा दाखवा.

लगेच पैसे देत असतील तर घ्या, पण शंभर-दोनशे देऊन वाटेला लावत असतील तर हसून नाही म्हणा आणि शुक्रवारची आठवण करा. हे जड जातं, पहिल्यांदा मला घाम फुटला होता, पण एकदा दोनशे घेतले की त्या दुकानाचं यंदाचं खातं बंद.

चार दिवसांनी जायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज टाका, लांबलचक नको:

> नमस्कार शेठ, खो-खो स्पर्धेच्या बक्षिसांबद्दल पत्र दिलं होतं (रु. २,०००). उद्या दुपारी साडेतीनला येतोय. बोर्डासाठी दुकानाच्या पाटीचा फोटो काढून घेईन.

शेवटचं वाक्य कामाचं आहे, त्यात होकार गृहीत धरलेला आहे आणि तरी उद्धटपणा नाही. पाटीचा फोटो खरंच काढा. आम्ही एका वर्षी "ट्रेडर्स" चं "ट्रेडिंग" करून ठेवलं आणि मालकाच्या भावाचं दुकान होतं "ट्रेडिंग" नावाचं, दोघांचं बोलणं बंद असलेलं, आता काय सांगायचं. तेव्हापासून छापायच्या आधी डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवायचं आणि "ओके" आल्याशिवाय फ्लेक्सवाल्याला सोडायचं नाही.

तीस दुकानांत फिरल्यावर आम्हाला या वेळी एक अकरा हजारवाला, एक पाच हजारवाला, दोन हजारचे सहा आणि हजारचे सात मिळाले. ३५,००० झाले, हजार कमी पडले ते एका मानधन न घेतलेल्या पंचांमुळे भागले. जेवणाचा दुसरा पाच हजारवाला शेवटपर्यंत मिळाला नाही, त्याच्याऐवजी दोन-दोन हजारवाले दोघे "नाश्ता" आणि "मठ्ठा" असे तुकडे करून बसवले. एक वस्तू विकली जात नसेल तर रक्कम कमी करत बसू नका, वस्तूचे तुकडे करा, नाहीतर पूर्ण पाच हजार दिलेल्या माणसाला कळलं की दुसऱ्याला तेच तीनमध्ये दिलं, तर तोही पुढच्या वेळी तीनच देणार.

झाल्यावर

पहिल्या दिवशी सकाळीच, ऊन तिरपं असताना, प्रत्येक बोर्डाचा फोटो काढून घ्या, समोर सामना चालू असताना. दुपारी सगळे थकलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभात कुणालाच आठवत नाही. आठ दिवसांत पावतीची प्रत, दोन फोटो आणि एका पानाचा जमाखर्च हातात नेऊन द्या, जेवढे आले आणि जेवढे गेले तेवढे, शिल्लक राहिली असेल तर ती कशाला वापरणार तेही.

आणि जाताना त्यांचा फ्लेक्सपण गुंडाळून घेऊन जा. शाळेत ठेवून तो धूळच खाणार असतो. त्या किराणावाल्या काकांनी तो ठेवून घेतला आणि पावसाळ्यात मी साखर आणायला गेलो तर दुकानाबाहेरच्या पोत्यांवर तोच अंथरलेला होता, त्यांचं नाव वर, "आंतरशालेय खो-खो स्पर्धा" खाली, पाणी ओघळतंय. मी काही विचारायच्या आतच काका म्हणाले, "जानेवारीचं जेवण माझ्याकडे धरा, पण तो पुलाव जरा बरा करायला सांगा तुमच्या केटररला."